शेततळ्याचा सायफन: पाणी बांध कसं चढतं आणि मध्येच का थांबतं

प्रश्न: "शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, कागद टाकलेला. बांधावरून स्प्रिंकलरचे ६३ एमएमचे दहा पाइप जोडून सायफनने खालच्या रानात पाणी काढतो. दिवाळीत तळं भरलेलं होतं तेव्हा रात्रंदिवस चालला. आता पाणी सहा फूट खाली गेलंय, तर दोन-तीन तासांत धार बारीक होते आणि बंद पडतो. शेजारचे म्हणाले फूट व्हॉल्व्ह गेला. तो बदलला, तरी तेच. चढ जास्त झाला म्हणून होतंय का? आणि मुळात पाणी चढावर जातं तरी कसं?"

फूट व्हॉल्व्हचा यात काही दोष नसावा, आणि चढही अजून मर्यादेच्या बराच आत आहे. तुमच्या पाइपात कुठून तरी हवा शिरते आहे. तळं भरलेलं असताना ती शिरत नव्हती किंवा शिरली तरी वाहून जात होती. आता ती माथ्यावर साठते आहे. पण हे नीट कळायचं तर तुमचा दुसरा प्रश्न आधी घ्यावा लागेल.

तुम्ही लेव्हल दिलेल्या नाहीत, म्हणून मी सर्वसाधारण आकडे धरतो. बांधावर पाइपचा माथा भरलेल्या पाण्यापासून ३ फूट उंच, आणि रानातलं पाइपचं तोंड भरलेल्या पाण्यापासून १० फूट खाली. म्हणजे आज, पाणी सहा फूट उतरल्यावर, माथा पाण्यापासून ९ फूट वर आहे आणि तोंड पाण्यापासून ४ फूट खाली. तुमच्याकडे वेगळं असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील. ट्रान्सपरंट नळीत पाणी भरून लेव्हल घ्या, नजरेने घेऊ नका. रानाचा उतार नजरेला नेहमी फसवतो.

आता माथ्यावरच्या पाण्याचा विचार करा. पाइप पूर्ण भरलेला आहे. तळ्याच्या पाण्यावर हवेचा दाब आहे आणि रानातल्या तोंडावरही तोच आहे. घाटमाथ्यावर, म्हणजे समुद्रसपाटीपासून दोनेक हजार फुटांवर, हा दाब पाण्याचा साधारण ३१ फूट उंचीचा खांब तोलून धरतो. तळ्याकडून बघितलं तर ३१ पैकी ९ फूट पाणी उचलण्यात गेले, माथ्यावर २२ उरले. रानाकडून बघितलं तर तोंडापासून माथा १३ फूट उंच आहे, म्हणजे त्या बाजूने माथ्यावर १८ च उरले. २२ विरुद्ध १८, म्हणून पाणी तळ्याकडून रानाकडे सरकतं. फरक ४ फुटांचा. बघा, तळ्याची पातळी आणि तोंड यांच्यातलं अंतरही नेमकं ४ फूटच आहे. बांधाची उंची दोन्हीकडून वजा होऊन निघून गेली. धार किती जोरात पडणार हे त्या ४ फुटांवर आणि पाइपच्या घर्षणावर ठरतं. पाणी बांध चढतं ते फुकटात नव्हे, पलीकडे जास्त उतरतं म्हणून. तोंड तळ्याच्या पातळीपेक्षा वर उचललंत की त्याच क्षणी खेळ संपला.

बरेच जण हे कप्पीवरच्या साखळीसारखं समजावतात: लांब बाजू जड, म्हणून आखूड बाजू ओढली जाते. डोळ्यांपुढे चित्र उभं राहायला ठीक आहे, पण त्यावर विसंबून काम केलंत तर चुकाल. साखळीत वजन मोजतात, इथे फक्त उभी उंची. तळ्याच्या बाजूला ११० चा पाइप आणि रानाच्या बाजूला ५० चा टाकलात, तर वजन तळ्याच्या बाजूलाच जास्त भरेल, तरीही पाणी रानाकडेच जाईल. शिवाय साखळी मधून तुटत नाही. पाण्याचा खांब मात्र माथ्यावर तुटतो, आणि आपलं सगळं दुखणं तिथेच आहे.

कारण माथ्यावर दाब सगळ्यात कमी असतो. तो खाली जाऊन जाऊन शून्याच्या जवळ पोचला की खालून ढकलायला काही उरत नाही. ही गोष्ट जुनी आहे. १६३० मध्ये इटलीतल्या जेनोव्हाच्या बालियानी नावाच्या अभ्यासकाने गॅलिलिओला पत्र लिहून विचारलं होतं, की सुमारे २१ मीटर उंच टेकडीवरून टाकलेला सायफन का चालत नाही. चालणार नव्हताच, समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूटच तोलतो. पुढे गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने पाऱ्याची नळी उलटी करून हवेचा दाब दाखवला, त्याच्या मागे हा असाच प्रश्न होता. आपल्याकडे जितकं उंचावर जाल तितकी ही मर्यादा खाली येते. महाबळेश्वरला ती २९ फुटांच्या आसपास असेल. त्यातूनही पूर्ण वापरता येत नाही. दाब फार उतरला की पाणी थंड असतानाच उकळायला लागतं, उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी फूट-दीड फूट तिथेच जातो, आणि त्याच्या बरंच आधी पाण्यात विरघळलेली हवा बाहेर यायला लागते. म्हणून शेतावरच्या कामात मी २० फुटांच्या वर माथा धरत नाही. काही संशोधकांनी २०१५ मध्ये हवा काढून टाकलेलं पाणी वापरून १५ मीटर उंचीचा सायफन चालवून दाखवला. पाण्याचे कण एकमेकांना धरून राहतात म्हणून ते जमलं. पण ते प्रयोगशाळेचं पाणी. शेवाळ आलेल्या शेततळ्याच्या पाण्याकडून ती अपेक्षा नको.

तुमचा माथा ९ फुटांवर. मर्यादेच्या निम्माही नाही. मग सहा फुटांनी एवढा फरक का पडला?

भरलेल्या तळ्याचा हिशेब आधी करू. उतार, म्हणजे तळ्याच्या पातळीपासून तोंडापर्यंतची उभी उंची, १० फूट, पाइप २०० फूट लांब, आतला व्यास ५७ एमएमच्या आसपास. घर्षण धरून वेग सेकंदाला दीड मीटर निघतो, पाणी तासाला १४ हजार लिटरच्या घरात. माथ्यावर ओढ किती? ३ फूट उंची, आणि तळ्यापासून माथ्यापर्यंत पाणी आणण्यात गेलेले दोनेक फूट, मिळून ५. इथे ओढ म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आत दाब किती कमी आहे तो आकडा. आता आजचा हिशेब. उतार ४ फूट, वेग सेकंदाला १ मीटरच्या जरासा आत, पाणी तासाला ९ हजार लिटर. माथ्यावर ओढ ९ फूट उंचीची आणि पाऊण-एक फूट घर्षणाची, म्हणजे जवळजवळ १०.

धार दोन तृतीयांशाच्याही थोडी खाली आली आणि ओढ दुप्पट झाली. सायफनला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मारक आहेत. ओढ वाढली की प्रत्येक फटीतून हवा जास्त शिरते, पाण्यात विरघळलेली हवा जास्त सुटते आणि जो बुडबुडा आत आहे तो आणखी फुगतो. वेग कमी झाला की तोच बुडबुडा पुढे ढकलायला जोर उरत नाही. बुडबुड्याला वर जायचं असतं, माथ्यापलीकडच्या उतारात पाणी त्याला खाली ओढत असतं. या व्यासाच्या पाइपात सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास ही झुंज बरोबरीत सुटते. उतार किती उभा आहे त्यावर थोडं इकडे-तिकडे. त्याच्या वर पाणी हवेला घेऊन जातं, खाली हवा जागेवर बसते. हवा बसली की पाण्याला वाट कमी उरते, म्हणून वेग आणखी घटतो आणि आणखी हवा बसते. धार आधी हळूहळू आणि मग झपाट्याने बारीक होते ती यामुळे. शेवटी माथ्यावर पाण्याचे दोन तुकडे होतात, एक तळ्यात परत जातो, दुसरा रानात.

तुमचा वेग आज या काठावरच आहे. पाइप हवाबंद असता तर एवढ्या वेगाला तो चालत राहिला असता. दोन-तीन तासांत बंद पडतो, म्हणजे नुसत्या विरघळलेल्या हवेचं हे काम नाही. गळती आहे.

ती कुठे, याचा माझा अंदाज सांगतो. स्प्रिंकलरच्या पाइपांना जो कपलर असतो, त्यातली रबर रिंग मोटारीच्या दाबासाठी केलेली असते. आतून दाब आला की तिची पाकळी फुलते आणि पाइपला घट्ट बसते. दाब नसताना ती सैल असते, म्हणून तर मोटार चालू करताना पहिली काही सेकंदं कपलरातून पाणी उडतं आणि मग आपोआप थांबतं. सायफनमध्ये उलटं घडतं. आत ओढ असल्यामुळे पाकळी पाइपपासून सुटते आणि बाहेरची हवा आत येते. पाइप, रिंग, कपलर सगळं नवं असलं तरी हे होणारच.

दिवाळीत का झालं नाही याचं उत्तर बांधाच्या बाहेरच्या उतारावर मिळेल. सायफनचा जो भाग तळ्याच्या पाणपातळीपेक्षा उंचावर आहे तिथे सगळीकडे ओढ असते, त्याच्या खाली कुठेतरी दाब सुरू होतो. पातळी सहा फूट उतरली तशी ही रेषाही उतरली. जे कपलर तेव्हा दाबात होते ते आता ओढीत आलेत. आठवून बघा, बांधाच्या पायथ्याच्या एखाद्या कपलरातून तेव्हा थेंब टपकायचे आणि हल्ली तो कोरडा असतो का? कोरडा झाला म्हणजे सुधारला असं समजू नका. तोच आता हवा पितोय. दाबातली गळती दिसते, खाली चिखल होतो. ओढीतली गळती दिसत नाही, म्हणून लोक तळ्यातल्या टोकाशी झटत बसतात.

फूट व्हॉल्व्हचं काम फक्त सुरुवातीला पाइप भरताना. एकदा दोन्ही बाजू भरल्या आणि तळ्यातलं टोक पाण्याखाली असलं, की तिथला खांब हवेच्या दाबावर उभा राहतो. झडप गळकी असली तरी तो खाली येत नाही. यातूनच एक साधी परीक्षा निघते. सायफन चालू करा, रानातल्या टोकाचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा आणि तासभर तसाच ठेवा. मग उघडा. धार लगेच जोरात आली तर तळ्याच्या पाणपातळीच्या वरचा पाइप हवाबंद आहे. आधी गुळगुळ करून, थुंकल्यासारखी येऊन मग बारीक झाली तर वरून हवा शिरली आहे, कारण खालून ती यायला जागाच नव्हती. नेमका जोड शोधायला सायफन चालू असताना दाढीच्या साबणाचा घट्ट फेस एकेका कपलरवर लावा. जिथे फेस आत खेचला जातो तो जोड. ओल्या चिकणमातीचा लपेटा दिल्यावर धार सुधारत असेल तरी समजतं, पण माती वाळली की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

उपाय एकच टिकाऊ आहे: ओढीच्या भागात जोड ठेवायचाच नाही. तळ्याच्या पाण्यातून निघून बांधावरून बाहेरच्या पायथ्याच्या पुढे जमिनीपर्यंत एचडीपीईचा एकसंध रोल टाका. शंभर-सव्वाशे फूट पुरेल, पण नेमका किती हे तुमच्या बांधाच्या रुंदीवर आहे. तिथून पुढे स्प्रिंकलरचे पाइप जोडा. रोल पातळ घेऊ नका. ओढीने आणि दुपारच्या उन्हाने पातळ पाइप माथ्यावरच्या वळणात चपटा होतो. लपेटा पाइप तर बांधावर चालतच नाही, पहिल्याच फुटात चिकटून बसतो. रोलला माथ्यावर घडी पडू देऊ नका, मोठं गोल वळण द्या. तळ्यातल्या टोकाची जाळी कागदापासून हातभर वर उचलून बांधा, नाहीतर ती कागदच ओढून घेते. वरूनही निदान दीड फूट पाणी असू द्या, कारण त्याच्या आत भोवरा होऊन हवा सरळ तोंडातूनच शिरते. जाळीवर शेवाळ साठलं तर तेही माथ्यावरच्या ओढीतच भर घालतं.

आता माथ्यावर काय बसवायचं. इथे एक चूक मी फार ठिकाणी बघितली आहे. मोटारीच्या लाइनवर उंच जागी एअर व्हॉल्व्ह लावतात, म्हणून सायफनच्या माथ्यावरही लावतात. मोटारीच्या लाइनमध्ये आत दाब असतो, म्हणून तो हवा बाहेर काढतो. सायफनमध्ये आत ओढ असते, त्यामुळे तो उघडतो आणि हवा आत घेतो. सायफन जागेवर मरतो. तुमच्याकडे असला तर आजच काढा.

त्याऐवजी हवेची कोठी करा. माथ्यावर वरच्या बाजूला टी घ्या. टीवर एक बॉल व्हॉल्व्ह, त्यावर ९० एमएमचा दोन-अडीच फूट उभा पाइप, आणि त्याच्या वरच्या टोकाला दुसरा बॉल व्हॉल्व्ह. सायफन चालताना खालचा उघडा, वरचा बंद. माथ्यावर येणारी हवा मुख्य पाइपात न साठता कोठीत चढते आणि तिथलं पाणी खाली उतरतं. दिवसातून एकदा खालचा बंद करायचा, वरचा उघडायचा, कोठी बादलीने काठोकाठ भरायची, वरचा बंद करायचा, मग खालचा उघडायचा. सायफन या सगळ्यात चालूच राहतो. क्रम चुकलात आणि दोन्ही एकदम उघडे राहिले तर मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून. कोठीचे जोडही ओढीतच आहेत, तेव्हा थ्रेडवर टेफ्लॉन टेप हात न आखडता गुंडाळा. पहिल्यांदा भरायलाही हीच कोठी वापरता येते: रानातला व्हॉल्व्ह बंद, तळ्यात फूट व्हॉल्व्ह, आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वरून पाणी. मग रानातला व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडायचा, म्हणजे उरलीसुरली हवा पहिल्या लोंढ्यात निघून जाते. तोंडाने ओढू नका. खत-औषधाचं पाणी कुठून आलेलं असतं सांगता येत नाही.

धार कमी करायची असेल तर ती नेहमी रानातल्या टोकाला करा. तिथे दाबलंत की मागे पाइपभर दाब वाढतो, माथ्यावरची ओढ थोडी उतरते आणि उघड्या तोंडातून हवा वर चढायची वाटही बंद होते. तळ्याच्या बाजूला व्हॉल्व्ह दाबलात तर ओढ वाढते. पण रानातही फार दाबू नका. वेग पाऊण मीटरच्या खाली गेला की हवा बसायला लागते. या पाइपात तो वेग म्हणजे सेकंदाला दोनेक लिटर, १५ लिटरची बादली सात-आठ सेकंदांत भरली पाहिजे. याच कारणाने थेट ड्रिप जोडू नका. ड्रिपला किलोभर दाब लागतो, तुमच्याकडे ४ फुटांचा म्हणजे पाव किलोही नाही. पाणी थेंबथेंब जाईल आणि सायफन तासाभरात हवा धरेल. खाली टाकी असेल तर तिच्यात सोडा, पाइपचं तोंड टाकीच्या पाण्यात बुडवून ठेवा. मात्र तेव्हा उतार मोजायचा तो टाकीच्या पाणपातळीपर्यंत.

जमलं तर माथाही खाली आणा. बांधाच्या डोक्यावरूनच पाइप न्यायला हवा असं काही नाही. भरलेल्या पाण्याच्या वर फूटभर जागा ठेवून बांधात चर खणून पाइप त्यात टाकलात आणि माती ओली करून धुमसून भरलीत, तर दीड-दोन फूट ओढ कायमची वाचते. कागदाची कड ज्या चरात दाबलेली असते ती मात्र सुटणार नाही असं बघा. सांडव्याच्या तोंडातून नेता आला तर खणायचीही गरज नाही.

एवढं केल्यावर पाणी आणखी फूटभर उतरेपर्यंत तुमचा सायफन चालायला हरकत नाही. त्याच्या खाली उतार दोन फुटांवर येईल, वेग पाऊण मीटरच्या आत जाईल आणि कोठी दिवसातून तीन-चारदा भरावी लागेल. मी त्या टप्प्यावर सायफनच्या नादी लागत नाही, खालचं पाणी छोट्या मोटारीनेच काढतो. दहाही कपलरांची उंची मोजून इथे टाकलीत तर कोणते ओढीत येतात ते नेमकं सांगता येईल.